सरकारने १०० कोटी जास्त खर्चले, तर उत्पन्न ४०० कोटींनी का वाढत नाही?

गुणकाचं गणित बहुतेकांनी शिकलेलं असतं. लोक वाढलेल्या उत्पन्नातल्या दर रुपयातले ७५ पैसे खर्च करत असतील, तर गुणक ४ येतो. म्हणजे सरकारने १०० कोटी जास्त खर्च केले की राष्ट्रीय उत्पन्न ४०० कोटींनी वाढायला हवं. हे उत्तर चूक नाही, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: व्याजदर जागचा हलणार नाही. तो हलला की गणित बदलतं, आणि तो का हलतो, किती हलतो हे पाहायचं तर वस्तुबाजाराच्या जोडीला पैशाचा बाजार मांडावा लागतो. ही जोडमांडणी जॉन हिक्स यांनी १९३७ साली केली. ती आयएस-एलएम या नावाने ओळखली जाते आणि तिच्यासाठी शाळेतली दोन चलांची समीकरणं पुरतात.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. कागद-पेन घेऊन सोबत सोडवलंत तर जास्त उपयोग होईल.

वस्तुबाजार

अर्थव्यवस्था छोटी आहे, आयात-निर्यात नाही, किमती स्थिर आहेत. रकमा कोटी रुपयांत आणि व्याजदर `r` टक्क्यांत आहे. म्हणजे ५ टक्के असेल तर `r = ५` लिहायचं, ०.०५ नाही. ही गोष्ट आधीच पक्की करून ठेवा. समीकरणातले सहगुणक टक्क्यांच्या हिशेबाने दिलेले असताना ०.०५ घातलं तर व्याजाचा परिणाम जवळपास नाहीसाच होतो, आणि उत्तर चुकलंय हे लक्षातही येत नाही.

```
उपभोग      C = २०० + ०.७५(Y − T)
गुंतवणूक    I = ३०० − २०r
सरकारी खर्च  G = २५०
कर         T = २००
```

`Y` म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. कर वजा जाता हातात उरलेल्या प्रत्येक रुपयातले ७५ पैसे लोक खर्च करतात. गुंतवणूक व्याजावर अवलंबून आहे: दर १ टक्क्याने वाढला की २० कोटींची गुंतवणूक गळते, कारण कर्ज काढून यंत्रं घेणाऱ्याला किंवा इमारत बांधणाऱ्याला काही प्रकल्प आता परवडत नाहीत.

जेवढं उत्पादन तेवढीच मागणी, हा वस्तुबाजाराचा समतोल. म्हणून `Y = C + I + G`. आकडे घालू:

```
Y = २०० + ०.७५(Y − २००) + ३०० − २०r + २५०
Y = ६०० + ०.७५Y − २०r
०.२५Y = ६०० − २०r
Y = २४०० − ८०r
```

दुसऱ्या ओळीतले ६०० कसे आले ते तपासून घ्या. २०० + ३०० + २५० म्हणजे ७५०, त्यातून कराचे ०.७५ × २०० = १५० वजा. ही वजाबाकी विसरणं ही परीक्षेतली सर्वात नेहमीची चूक. शेवटची ओळ म्हणजे आयएस रेषा. ती एकच उत्तर देत नाही. व्याजदर अमुक असेल तर वस्तुबाजार कोणत्या उत्पन्नाला जुळेल, एवढंच सांगते. दर २ टक्के असेल तर २२४०, दर १० टक्के असेल तर १६००. दर कोणता, हे तिला ठाऊक नाही.

पैशाचा बाजार

इथे `पैसा` म्हणजे रोख आणि चालू-बचत खात्यातली शिल्लक. लोकांकडची संपत्ती दोनच रूपांत आहे असं मानू: पैसा आणि रोखे. पैशावर व्याज नाही, रोख्यांवर आहे. व्यवहार वाढले की हाताशी पैसा जास्त लागतो, आणि व्याजदर चढला की पैसा पडून ठेवणं महाग पडतं म्हणून लोक रोख्यांकडे वळतात. किमती स्थिर असल्यामुळे पैशाचा पुरवठा मध्यवर्ती बँकेने ठरवला तेवढाच, ८०० कोटी.

```
पैशाची मागणी   L = ०.५Y − ४०r
पैशाचा पुरवठा   M = ८००

८०० = ०.५Y − ४०r
Y = १६०० + ८०r
```

ही एलएम रेषा. तिचा उतार आयएसच्या उलट आहे. उत्पन्न वाढलं की व्यवहारांसाठी जास्त पैसा लागतो, पण पैसा तर ८०० कोटीच आहे. तेव्हा कुणाला तरी पडून असलेला पैसा सोडायला लावायचा तर व्याज चढावंच लागतं.

दोन्ही बाजार एकाच वेळी

आता दोन समीकरणं आणि दोन अज्ञात.

```
२४०० − ८०r = १६०० + ८०r
८०० = १६०r
r = ५,  Y = २०००
```

उत्तर आलं की थांबू नका, ताळा करा. उपभोग `२०० + ०.७५ × १८००` म्हणजे १५५०. गुंतवणूक `३०० − १००` म्हणजे २००. सरकारी खर्च २५०. बेरीज २०००. पैशाची मागणी `१००० − २००` म्हणजे ८००. दोन्ही बाजार जुळतात. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि कर विसरणं, चिन्ह उलटं होणं अशा चुका तो लगेच पकडतो.

सरकारचा खर्च १०० ने वाढला

आता `G` २५० वरून ३५० करू. कर तेवढेच, म्हणजे वाढीव १०० कोटी सरकार रोखे विकून उभे करणार. मध्यवर्ती बँक पैशाचा पुरवठा हलवत नाही. आयएस रेषेत ६०० च्या जागी ७०० येतात, आणि त्यांना ०.२५ ने भागलं की २८००. एलएम रेषा तशीच राहते.

```
२८०० − ८०r = १६०० + ८०r
१२०० = १६०r
r = ७.५,  Y = २२००
```

उत्पन्न २०० ने वाढलं, ४०० ने नाही. उपभोग आता `२०० + ०.७५ × २०००`, म्हणजे १७००. गुंतवणूक `३०० − १५०`, म्हणजे १५०. सरकारी खर्च ३५०. बेरीज २२००. खासगी गुंतवणूक २०० वरून १५० वर आली. याला क्राउडिंग आउट म्हणतात: सरकारी खर्चाने व्याज चढवून खासगी गुंतवणुकीला बाहेर ढकललं.

हे घडतं कसं, ते जरा जवळून पाहू, कारण समीकरणात ते दिसत नाही. दर ५ टक्क्यांवरच राहिला असता तर उत्पन्न २४०० झालं असतं. तेव्हा पैशाची मागणी `१२०० − २००`, म्हणजे १०००. पुरवठा ८००. म्हणजे २०० कोटींची चणचण. व्यवहारांसाठी पैसा कमी पडतोय म्हणून लोक आपल्याकडचे रोखे विकायला काढतात. पण पैशाची निकड सगळ्यांनाच असताना ते घेणार कोण? भाव उतरल्याशिवाय ते खपत नाहीत. दरसाल ५ रुपये व्याज देणारा, मुदत नसलेला एक रोखा घ्या. दर ५ टक्के असताना त्याची किंमत १०० रुपये. तोच रोखा ६६ रुपये ६७ पैशांना विकला गेला, तर घेणाऱ्याला ५ रुपयांवर ७.५ टक्के परतावा पडतो. रोख्यांवर ७.५ टक्के मिळत असताना कारखानदाराला त्याहून कमी दराने कोणी कर्ज देणार नाही. ज्या प्रकल्पांतून ६ किंवा ७ टक्केच सुटणार होते ते बाजूला पडतात, गुंतवणूक घसरते, त्यामुळे उत्पन्नाची वाढही आवरते, आणि पैशाची मागणी पुन्हा ८०० ला येऊन टेकते. तपासा: २२०० चे निम्मे ११००, त्यातून ४० × ७.५ = ३०० वजा, बरोबर ८००.

२०० की ५०?

इथे हमखास गोंधळ होतो. कोणी म्हणतं क्राउडिंग आउट २०० कोटींचं, कोणी म्हणतं ५० कोटींचं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण मोजतात वेगवेगळ्या गोष्टी. ५० ही गुंतवणुकीतली प्रत्यक्ष घट. २०० ही साध्या गुणकाच्या तुलनेत उत्पन्नात पडलेली तूट, आणि ती ५० ला गुणक ४ ने गुणल्यावर येते. उत्तर लिहिताना किंवा बातमी वाचताना यातला कोणता आकडा आहे हे स्पष्ट असायला हवं, नाहीतर तोच परिणाम चौपट मोठा वाटू शकतो.

माझ्या मते याहून उपयोगाचा प्रश्न वेगळाच आहे: सरकारने उसने घेतलेले १०० कोटी शेवटी आले कुठून? सुरुवातीला लोकांची बचत `२००० − २०० − १५५०`, म्हणजे २५० होती. त्यातले २०० गुंतवणुकीला गेले आणि ५० सरकारच्या तुटीला (खर्च २५०, कर २००). नंतर बचत `२२०० − २०० − १७००`, म्हणजे ३००. त्यातले १५० गुंतवणुकीला आणि १५० तुटीला. तूट १०० ने वाढली. त्यातले ५० नव्या बचतीतून आले, कारण उत्पन्न वाढलं होतं, आणि उरलेले ५० खासगी गुंतवणुकीच्या वाट्याचे गेले.

सरकारी कर्ज म्हणजे ठरावीक बचतीच्या साठ्यातून काढलेला हिस्सा, अशी समजूत बरीच पसरलेली आहे. ती खरी असती तर गुंतवणूक पूर्ण १०० ने पडली असती. बचत उत्पन्नाबरोबर वाढते, म्हणून ती तेवढी पडली नाही. पण बचत आपोआप हवी तेवढी वाढेल असंही नाही. नव्या बचतीतून किती आणि गुंतवणुकीतून किती, ही वाटणी पैशाच्या बाजाराच्या स्वभावावर ठरते.

वाटणी कशावर ठरते

आपल्या उदाहरणात व्याजाने पैशाची मागणी दर टक्क्याला ४० कोटींनी हलते. समजा ती अजिबात हलतच नाही, आणि मागणी फक्त `L = ०.४Y` आहे. पुरवठा ८०० असल्याने उत्पन्न २००० वर खिळलेलं राहतं. खर्च १०० ने वाढवला की `२००० = २८०० − ८०r`, म्हणून दर १०, आणि गुंतवणूक `३०० − २००`, म्हणजे १००. खर्च १०० ने वाढला, गुंतवणूक बरोबर १०० ने पडली, बचत २५० ची २५० च. हे पूर्ण क्राउडिंग आउट. एलएम रेषा इथे उभी असते.

दुसरं टोक म्हणजे व्याजदर ५ वरून हलतच नाही. तेव्हा उत्पन्न २४००, गुंतवणूक २०० जशीच्या तशी, आणि बचत ३५०. सगळे १०० नव्या बचतीतून आले. साध्या गुणकाचं उत्तर फक्त इथे खरं ठरतं.

गुंतवणूक व्याजाला किती दचकते, हेही महत्त्वाचं आहे, आणि इथे अंदाज सहज चुकतो. `I = ४०० − ४०r` घ्या. दर ५ असताना गुंतवणूक २०० च येते, म्हणजे सुरुवात तीच. आयएस रेषा होते `Y = २८०० − १६०r`. खर्च वाढल्यावर `३२०० − १६०r = १६०० + ८०r`, त्यातून दर साधारण ६.६७, उत्पन्न २१३३ च्या आसपास आणि गुंतवणूक १३३ च्या आसपास. व्याज आधीपेक्षा कमी चढलं, तरी गुंतवणूक जास्त पडली: ५० ऐवजी सुमारे ६७. म्हणून व्याजदर किती वाढला एवढ्यावरून क्राउडिंग आउट किती झालं हे सांगता येत नाही.

सगळं एका सूत्रात मावतं. `c` म्हणजे वाढीव रुपयातला उपभोगाचा वाटा, `b` म्हणजे दर टक्क्याला गळणारी गुंतवणूक, `k` म्हणजे उत्पन्नामागे लागणारा पैसा आणि `h` म्हणजे दर टक्क्याला सुटणारा पैसा:

```
गुणक = १ / [ (१ − c) + bk/h ]
     = १ / [ ०.२५ + (२० × ०.५)/४० ]
     = १ / [ ०.२५ + ०.२५ ] = २
```

छेदातले दोन तुकडे पाहा. पहिला बचतीचा, दुसरा व्याजामुळे घसरणाऱ्या गुंतवणुकीचा. आपल्या उदाहरणात दोन्ही सारखे, म्हणूनच १०० ची वाटणी ५०-५० झाली. आकडे बदलले की या दोन तुकड्यांच्या प्रमाणातच वाटणी बदलते.

रिझर्व्ह बँक मध्ये आली की

पुस्तकी मांडणीत पैशाचा पुरवठा ठरलेला आणि व्याजदर मोकळा असतो. भारतात आज उलटं आहे. रिझर्व्ह बँकेची सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर ठरवते, आणि त्या दराला लागेल तेवढी रोखता बँकिंग व्यवस्थेत सोडली किंवा शोषली जाते. आपल्या उदाहरणात दर ५ वर धरून ठेवायचा तर २४०० च्या उत्पन्नाला १००० कोटी पैसा लागतो, म्हणजे मध्यवर्ती बँकेला रोखे खरेदी करून पुरवठा २०० ने वाढवावा लागेल. तिने ते केलं तर क्राउडिंग आउट होत नाही. नाही केलं तर होतं. थोडक्यात, निर्णय बराचसा तिच्या हातात आहे, आणि तिचं लक्ष्य महागाई ४ टक्क्यांवर ठेवण्याचं आहे, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा धरून.

कोविडच्या वर्षात हे ठळक दिसलं. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने त्या वर्षीच्या बाजारातल्या कर्जउभारणीचा आकडा ७.८ लाख कोटींवरून १२ लाख कोटींवर नेला. २०२०-२१ ची राजकोषीय तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ९ टक्क्यांच्या वर गेली. एवढ्या रोख्यांचा मारा झाल्यावर परतावे उसळायला हवे होते. पण रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आणला गेला, रिझर्व्ह बँकेने रोखे खरेदी केले, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर पहिल्या तिमाहीत १ लाख कोटींचे सरकारी रोखे घेण्याचा कार्यक्रम आधीच जाहीर केला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ६ टक्क्यांच्या आसपास राहिला. हे जवळपास आडव्या एलएम रेषेचं चित्र आहे.

तरीही त्या वर्षी खासगी गुंतवणूक घसरली. ती सरकारी कर्जाने ढकलली गेली, असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. क्राउडिंग आउटची खूण म्हणजे गुंतवणूक पडताना व्याज चढलेलं असणं. इथे कर्ज स्वस्त होतं, बँकांकडे रोखता भरपूर होती, आणि कर्ज घेणारेच कमी होते. समीकरणाच्या भाषेत, `I = ३०० − २०r` मधला ३०० हा आकडाच घसरला होता, कारण टाळेबंदीत कारखाने अर्धे रिकामे होते आणि नव्या यंत्रांची गरज कोणाला नव्हती. अशा वेळी आयएस रेषा डावीकडे सरकते, आणि सरकारी खर्च तिला पुन्हा उजवीकडे आणतो.

ही मांडणी कुठे तोकडी पडते तेही लक्षात ठेवावं लागेल. इथे किमती स्थिर धरल्या आहेत. कारखाने पूर्ण क्षमतेने चालू असतील आणि हातांना काम असेल, तर उत्पादन २२०० ला जाऊच शकत नाही. मग वाढीव मागणी किमतींत उतरते, तोच ८०० कोटी पैसा वस्तूंच्या हिशेबात कमी भरतो, एलएम रेषा डावीकडे सरकते आणि दर आणखी चढतो. उत्पादनाची कमाल २००० असेल, तर दर १० टक्के होईपर्यंत आणि गुंतवणूक १०० वर येईपर्यंत किमती वाढत राहतात. म्हणजे पैशाच्या मागणीचा स्वभाव कसाही असो, पूर्ण क्षमतेला पोहोचलेल्या अर्थव्यवस्थेत पूर्ण क्राउडिंग आउट होतं. मंदीत हेच १०० कोटी बराच काळ नव्या बचतीतून निघू शकतात. त्यामुळे सरकारी कर्ज गुंतवणुकीला मारक आहे का, या प्रश्नाला हात घालण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: उद्योगांची उत्पादनक्षमता किती वापरात आहे, आणि रिझर्व्ह बँक रोखे विकत घेते आहे की दर चढू देते आहे.